एक ऑर्डर, तीन दावेदार: ऑनलाइन विक्री नेमकी कुणामुळे झाली, हे कसं ओळखतात?

कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकणारं एक छोटं दुकान आहे, असं समजू. नाशिकमधली एक ग्राहक सोमवारी रात्री यूट्यूबवर 'अस्सल कोल्हापुरी कशी ओळखायची' असा व्हिडिओ बघते. व्हिडिओखालच्या लिंकवरून ती दुकानाच्या वेबसाइटवर येते, 1,600 रुपयांचा एक जोड निवडते, मोबाइल नंबर टाकते, व्हॉट्सअ‍ॅपवर माहिती पाठवायला परवानगी देते आणि मग खरेदी तशीच अर्धवट राहते.

मंगळवारी सकाळी तिला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो: 'तुम्ही निवडलेला जोड अजून कार्टमध्ये आहे.' संध्याकाळी त्याच मेसेजमधलं बटण दाबून ती परत वेबसाइटवर येते. पैसे भरण्याच्या पानावर तिला 'कूपन कोड' असं लिहिलेला रिकामा चौकोन दिसतो. मग ती दुसऱ्या टॅबमध्ये दुकानाचं नाव आणि पुढे 'कूपन' असं लिहून शोधते. एका कूपन वेबसाइटवर 'कोड दाखवा' हे बटण दाबते. 10 टक्के सूट मिळते आणि ती 1,440 रुपये भरते.

महिनाअखेरीस दुकानदारासमोर दोन अहवाल येतात. एकात लिहिलेलं असतं की ही विक्री कूपन वेबसाइटने मिळवून दिली, तिचं कमिशन द्या. दुसऱ्यात लिहिलेलं असतं की ही विक्री व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमुळे झाली. दोन्ही अहवालांची बेरीज 2,880 रुपये होते. बँकेत मात्र 1,440 रुपयेच आलेले असतात. आणि ज्या यूट्यूबरमुळे ग्राहकाला दुकानाचं नाव कळलं, त्याच्या खात्यावर शून्य.

दोन्ही अहवालांतली नोंद खोटी नाही. तरीही त्यावरून पैसे कुठे खर्च करायचे हे ठरवलं, तर दुकान तोट्यात जाऊ शकतं. ते कसं, हे समजण्यासाठी आधी या दोन पद्धती काय आहेत आणि त्यांचे पैसे कसे मोजले जातात, ते बघू.

## अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणजे काय?

दुकानाचा माल तिसऱ्याच कुणी तरी लोकांना सुचवायचा आणि त्याच्या लिंकवरून विक्री झाली तर दुकानाने त्याला कमिशन द्यायचं, ही झाली अ‍ॅफिलिएट पद्धत. अ‍ॅमेझॉनने 1996 मध्ये आपली 'असोसिएट्स' योजना सुरू केली, तेव्हापासून ती जगभर पसरली. जाहिरातीत आधी पैसे द्यावे लागतात आणि मग गिऱ्हाईक येईल का याची वाट बघावी लागते. इथे विक्री झाली तरच पैसे द्यायचे असतात, म्हणून छोट्या दुकानदाराला ही पद्धत बिनधोक वाटते.

माल सुचवणारे हे अ‍ॅफिलिएट दोन प्रकारचे असतात आणि हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो. पहिल्या प्रकारात यूट्यूबर, इन्स्टाग्रामवर लिहिणारे, वस्तूंची तुलना करणाऱ्या वेबसाइट येतात. ज्याला दुकान माहीतच नाही, अशा माणसाला ते तिथे आणतात. दुसऱ्या प्रकारात कूपन आणि कॅशबॅक वेबसाइट येतात. कॅशबॅक वेबसाइट स्वतःला मिळालेल्या कमिशनचा काही भाग ग्राहकाला परत देते. तिथे जाणारा ग्राहक बऱ्याचदा काय घ्यायचं आणि कुठून घ्यायचं हे ठरवूनच गेलेला असतो.

## ऑर्डर कुणाच्या लिंकवरून आली, हे कसं कळतं?

प्रत्येक अ‍ॅफिलिएटला वेगळी लिंक दिलेली असते. ती साधारण अशी दिसते:

```
https://example.com/kolhapuri?aff_id=yt27&click_id=8f3a91
```

यातला `aff_id` म्हणजे लिंक कुणाची, आणि `click_id` म्हणजे त्या एका क्लिकचा क्रमांक. ग्राहकाने लिंक उघडली की हे क्रमांक तिच्या ब्राउझरमध्ये 'कुकी' नावाच्या छोट्या नोंदीत साठवले जातात. पुढे ऑर्डर झाली की दुकानाची यंत्रणा ती कुकी वाचते आणि त्या अ‍ॅफिलिएटच्या नावावर विक्री लिहिते.

या नोंदीला मुदत असते. अ‍ॅमेझॉनच्या योजनेत ती साधारण 24 तासांची आहे. अनेक छोटी दुकानं 7 किंवा 30 दिवसांची मुदत ठेवतात. मुदत लांब असेल तर अ‍ॅफिलिएटचा फायदा होतो, आखूड असेल तर दुकानाचा.

कुकी मधेच हरवूही शकते. ग्राहकाने व्हिडिओ मोबाइलवर बघितला आणि खरेदी लॅपटॉपवर केली, तर लॅपटॉपवर ती कुकी नसतेच. आयफोनमधला सफारी ब्राउझर अशा नोंदींपैकी बऱ्याच नोंदी 7 दिवसांत आणि काही प्रसंगी 24 तासांतच पुसून टाकतो. म्हणून आता बरीच दुकानं क्लिकचा क्रमांक स्वतःच्या सर्व्हरवर ऑर्डरसोबत जपून ठेवतात आणि विक्री झाल्यावर तो थेट अ‍ॅफिलिएट नेटवर्कच्या सर्व्हरला कळवतात. याला 'पोस्टबॅक' म्हणतात. त्यामुळे कुकीवरचं अवलंबन कमी होतं, पण मोबाइलवरून लॅपटॉपवर गेलेल्या ग्राहकाची अडचण त्यानेही सुटत नाही. त्यासाठी यूट्यूबरला त्याच्या नावाचा स्वतंत्र कोड देणं हा जुना आणि सोपा उपाय आहे.

## कमिशन किती आणि कधी?

समजा, हे दुकान विक्रीच्या 10 टक्के कमिशन देतं. दुकान आणि अ‍ॅफिलिएट यांना जोडणारी, हिशेब ठेवणारी कंपनी म्हणजे नेटवर्क. तीही आपला वाटा घेते. तो कमिशनच्या 25 टक्के धरू. 1,440 रुपयांच्या ऑर्डरवर 144 रुपये कूपन वेबसाइटला आणि 36 रुपये नेटवर्कला, असे एकूण 180 रुपये गेले. हे आणि पुढचे दुकानाचे सगळे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत.

ऑर्डर झाली की कमिशन लगेच मिळत नाही. आधी ते 'पेंडिंग' राहतं. माल परत करण्याची मुदत संपेपर्यंत दुकान थांबतं आणि मग ते मंजूर किंवा नामंजूर करतं. आपल्याकडे याला विशेष कारण आहे ते म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरी. ऑर्डर होते, कुरिअर दारात पोहोचतं आणि ग्राहक पार्सल घ्यायला नकार देतो. अशा ऑर्डरवर कमिशन देऊन चालत नाही, कारण तिथे दुकानाचा जाण्यायेण्याचा कुरिअर खर्चही अंगावर पडलेला असतो. म्हणून पार्सल पोहोचल्यावर आणि परतीची मुदत संपल्यावरच कमिशन पक्कं करणं हा शहाणपणाचा नियम आहे. दुसरीकडे, मंजुरी विनाकारण महिनोन्‌महिने लांबवणाऱ्या दुकानासोबत चांगले अ‍ॅफिलिएट टिकत नाहीत.

आता एका जोडाचा हिशेब मांडू. विक्री 1,600 रुपये. चप्पल बनवून घ्यायला 850 आणि पॅकिंग, कुरिअर, पेमेंट यांना मिळून 200 रुपये लागतात. ग्राहक कुणाच्याही मध्यस्थीशिवाय आली असती, तर दुकानाकडे 550 रुपये उरले असते. कूपनवाल्या ऑर्डरमध्ये 160 रुपये सूट आणि 180 रुपये कमिशन गेलं, म्हणजे 340 रुपये वजा झाले. उरले 210.

ही ग्राहक कूपन नसतं तर आलीच नसती, असं असेल तर 210 रुपये ही कमाईच आहे. पण ती तशीही 1,600 रुपये भरणारच होती, असं असेल तर दुकानाने 340 रुपये फुकट घालवले. अहवालात या दोन्ही ऑर्डर अगदी सारख्याच दिसतात.

## शेवटचा क्लिक ज्याचा, पैसे त्याचे

यूट्यूबरला काहीच का मिळालं नाही? कारण बहुतेक योजनांमध्ये 'शेवटचा क्लिक' हा नियम असतो. खरेदीच्या आधी ज्याच्या लिंकवर शेवटचा क्लिक झाला, त्याला सगळं कमिशन. 'कोड दाखवा' हे बटण दाबलं, तेव्हा ग्राहकाला फक्त कोड हवा होता. पण त्याच क्षणी कूपन वेबसाइटने आपल्या लिंकने दुकानाचं पान उघडलं आणि यूट्यूबरच्या क्रमांकावर आपला क्रमांक लिहिला.

याच मुद्द्यावर डिसेंबर 2024 मध्ये मोठा वाद झाला. 'हनी' हे कूपन शोधून देणारं ब्राउझर एक्स्टेन्शन पेपाल या कंपनीच्या मालकीचं आहे. पैसे भरण्याच्या पानावर हे एक्स्टेन्शन यूट्यूबर मंडळींची अ‍ॅफिलिएट नोंद काढून आपली नोंद टाकतं, असा आरोप एका यूट्यूब व्हिडिओत झाला. त्यानंतर अमेरिकेत अनेक यूट्यूबरनी कंपनीवर खटले भरले. हनी या क्षेत्रातले नियम पाळतं आणि शेवटच्या क्लिकचा नियम त्यातलाच एक आहे, असं पेपालचं म्हणणं होतं. मार्च 2025 मध्ये गुगलने क्रोम एक्स्टेन्शनचे नियम बदलले. ग्राहकाला प्रत्यक्ष फायदा होत नसेल, तर एक्स्टेन्शनने अ‍ॅफिलिएट लिंक किंवा कोड घालू नये, असं त्यात स्पष्ट केलं.

## ऑटोमेशनचे पैसे कसे द्यावे लागतात?

मार्केटिंग ऑटोमेशन म्हणजे ग्राहकाच्या एखाद्या कृतीवरून आपोआप जाणारे मेसेज. कार्टमध्ये वस्तू टाकून ग्राहक निघून गेला, तर ठरावीक वेळाने आठवण जाते. ऑर्डर पोहोचून आठवडा झाला की 'चप्पल कशी वाटली?' असा मेसेज जातो. वर्षभर खरेदी झाली नाही तर नव्या मालाची माहिती जाते. हे नियम एकदा लिहून ठेवायचे, पुढे यंत्रणा ते पाळत राहते.

इथे विक्री झाली तरच पैसे, असा प्रकार नाही. विक्री होवो न होवो, मेसेजचे पैसे लागतात. ईमेलच्या सेवा बहुतेक वेळा यादीत किती लोक आहेत यावर महिन्याचं भाडं घेतात. त्यामुळे वर्षानुवर्षं एकही ईमेल न उघडणारे हजारो पत्तेही बिल वाढवत राहतात. एसएमएसचे पैसे मेसेजमागे असतात. शिवाय 'ट्राय'च्या नियमांप्रमाणे पाठवणाऱ्याचं नाव आणि मेसेजचा मजकूर या दोन्हींची आधी नोंदणी करावी लागते.

व्हॉट्सअ‍ॅपवर जुलै 2025 पासून प्रत्येक पोहोचलेल्या मेसेजमागे पैसे आकारले जातात आणि दर मेसेजच्या प्रकारावर ठरतो. 'तुमची ऑर्डर निघाली' हा मेसेज उपयुक्त माहितीत मोडतो आणि स्वस्त पडतो. 'कार्टमध्ये वस्तू राहिली आहे' हा मेसेज मार्केटिंगमध्ये मोडतो आणि महाग पडतो. ग्राहकाने स्वतःहून काही विचारलं, तर पुढच्या 24 तासांत तिला दिलेल्या साध्या उत्तराला पैसे लागत नाहीत.

पैशांखेरीज आणखी एक किंमत मोजावी लागते. कंटाळलेला ग्राहक नंबर ब्लॉक करतो किंवा ईमेल 'स्पॅम' म्हणून नोंदवतो. जीमेल खात्यांवर दिवसाला 5,000 किंवा त्याहून जास्त ईमेल पाठवणाऱ्यांसाठी फेब्रुवारी 2024 पासून कडक नियम आहेत. एका क्लिकवर यादीतून बाहेर पडण्याची सोय द्यावी लागते आणि स्पॅम तक्रारींचं प्रमाण 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवावं लागतं. ते वाढलं की ऑर्डरच्या पावतीसारखे गरजेचे ईमेलही इनबॉक्सपर्यंत पोहोचेनासे होऊ शकतात.

## ऑटोमेशनचा अहवाल फुगतो कसा?

ऑटोमेशनचं सॉफ्टवेअर विक्री आपल्या नावावर लावण्यासाठी स्वतःची मुदत वापरतं. मेसेज उघडल्यावर किंवा त्यातल्या लिंकवर क्लिक झाल्यावर, उदाहरणार्थ, पुढच्या 5 दिवसांत खरेदी झाली की ती मेसेजची विक्री. ग्राहक मेसेजमुळे आला की पगार झाला म्हणून आला, हे त्याला कळत नाही.

ईमेल 'उघडला' ही नोंद तर आता फारशी विश्वासाची राहिलेली नाही. ईमेलमध्ये न दिसणारं एक बारीक चित्र असतं आणि ते उतरवलं गेलं की ईमेल उघडला असं मानलं जातं. सप्टेंबर 2021 मध्ये अ‍ॅपलने आपल्या मेल अ‍ॅपमध्ये खासगीपणा जपणारी सोय आणली. ती सुरू असेल तर माणसाने ईमेल बघितला नाही, तरी अ‍ॅपलचे सर्व्हर ते चित्र आधीच उतरवून ठेवतात. त्यामुळे उघडलेल्या ईमेलचं प्रमाण वाढलेलं दिसतं.

कार्टच्या आठवणीत हा घोळ सर्वांत जास्त होतो. कारण ज्यांनी वस्तू निवडून नंबरही दिला आहे, त्यांच्यातले बरेच जण तसेही परत येणारच असतात. मेसेज त्यांच्या वाटेत उभा राहतो आणि त्यांच्या खरेदीचं श्रेय घेतो.

## मग खरी मोजणी कशी करायची?

ऑटोमेशनच्या बाबतीत उपाय सरळ आहे. काही लोकांना मुद्दाम मेसेज पाठवायचाच नाही आणि दोन्ही गटांची खरेदी ताडून बघायची. गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे, कुठलीही निवड न करता पाडायचे. मोबाइल नंबरचा शेवटचा आकडा 0 किंवा 1 असेल तर मेसेज नाही, असा साधा नियमही चालतो.

आपल्या दुकानाचा तीन महिन्यांचा हिशेब करू. या काळात 6,000 ग्राहकांनी कार्टमध्ये वस्तू टाकून ती तशीच सोडली. त्यांतल्या 4,800 जणांना मेसेज गेला, 1,200 जणांना गेला नाही. मेसेज मिळालेल्यांपैकी 384 जणांनी, म्हणजे 8 टक्के लोकांनी खरेदी केली. मेसेज न मिळालेल्यांपैकी 72 जणांनी, म्हणजे 6 टक्के लोकांनी खरेदी केली.

याचा अर्थ 4,800 लोकांना मेसेज गेला नसता, तरी त्यांच्यातल्या सुमारे 288 जणांनी खरेदी केली असती. मेसेजमुळे वाढलेल्या ऑर्डर 384 वजा 288, म्हणजे 96. सॉफ्टवेअरचा अहवाल मात्र मेसेजच्या लिंकवर क्लिक करून खरेदी केलेल्या सगळ्यांना आपल्या नावावर लावतो; तो आकडा 240 धरू.

आता खर्च. मेसेजला 90 पैसे धरले तर 4,800 मेसेजचे 4,320 रुपये होतात. सॉफ्टवेअरचं भाडं महिन्याला 3,000 रुपये, म्हणजे तीन महिन्यांचे 9,000. एकूण 13,320 रुपये. अहवालाप्रमाणे एका ऑर्डरला साधारण 56 रुपये लागले. प्रत्यक्षात एका वाढीव ऑर्डरला 139 रुपये लागले. तरीही दुकान फायद्यातच आहे. 96 ऑर्डरवर प्रत्येकी 550 रुपये, म्हणजे 52,800 रुपये उरले. त्यातून खर्च वजा केला तर 39,480 रुपये हातात राहतात.

या उत्तरालाही मर्यादा आहे. मेसेज न पाठवलेल्या गटात फक्त 72 ऑर्डर आहेत. इतक्या छोट्या आकड्यात योगायोगाचा भाग मोठा असतो. गणिताच्या नेहमीच्या पद्धतीने बघितलं, तर वाढीव ऑर्डर साधारण 20 पासून 170 पर्यंत कितीही असू शकतात. खर्च भरून निघायला 25 ऑर्डर लागतात. म्हणजे मेसेज फायद्याचा असण्याची शक्यता बरीच आहे, पण 96 हा आकडा पक्का नाही. महिन्याला पन्नास-शंभर कार्ट सुटणाऱ्या दुकानाला अशी चाचणी बराच काळ चालवावी लागेल, नाहीतर निकालावर विसंबता येणार नाही.

## मेसेजसोबत सूट दिली तर?

बरीच दुकानं कार्टच्या आठवणीसोबत 10 टक्के सूटही देतात. त्याने अहवाल आणखी चांगला दिसतो. आपल्या उदाहरणात सूट दिल्यावर खरेदी 8 टक्क्यांवरून 9 टक्क्यांवर गेली, म्हणजे 384 ऐवजी 432 ऑर्डर आल्या, असं समजू.

पण आता प्रत्येक ऑर्डरवर 550 ऐवजी 390 रुपयेच उरतात. आणि सूट फक्त वाढीव ग्राहकांना देता येत नाही. जे तसेही येणार होते, तेही ती घेतात. सगळ्यांनी सूट वापरली तर 432 ऑर्डरवर 1,68,480 रुपये उरतात. मेसेजच पाठवला नसता, तर 288 ऑर्डरवर 1,58,400 रुपये उरले असते. फरक 10,080 रुपयांचा आणि मेसेजचा खर्च 13,320 रुपये. म्हणजे ऑर्डर वाढूनही दुकानाला 3,240 रुपयांचा तोटा झाला. शिवाय कार्ट सोडून दिली की सूट मिळते, हे ग्राहकाच्या एकदा लक्षात आलं की पुढच्या वेळी तो मुद्दामच कार्ट सोडून वाट बघतो.

## कूपन वेबसाइटची चाचणी

अ‍ॅफिलिएटच्या बाबतीत ग्राहकांचे असे दोन गट पाडणं अवघड असतं, कारण कूपन वेबसाइटवर कोण जाणार हे दुकानाच्या हातात नसतं. तिथे दुसरी पद्धत वापरतात. कूपन वेबसाइटचं कमिशन आणि कोड काही आठवडे बंद करायचे आणि एकूण विक्रीवर काय परिणाम होतो ते बघायचं.

समजा, दुकानाला महिन्याला 300 ऑर्डर येत होत्या आणि त्यांतल्या 90 कूपन वेबसाइटच्या नावावर होत्या. चार आठवडे ती बंद ठेवल्यावर ऑर्डर 280 झाल्या. म्हणजे 90 पैकी 20 ग्राहक खरोखर तिच्यामुळे येत होते. बाकी 70 जणांनी पूर्ण किंमत देऊन खरेदी केली. आधी 90 ऑर्डरवर प्रत्येकी 210 प्रमाणे 18,900 रुपये उरत होते. आता 70 ऑर्डरवर प्रत्येकी 550 प्रमाणे 38,500 रुपये उरले. विक्री घटली आणि कमाई 19,600 रुपयांनी वाढली.

या चाचणीतली मोठी चूक म्हणजे चुकीचे महिने निवडणं. दिवाळीचा महिना आणि त्यानंतरचा महिना यांची तुलना केली, तर विक्री सणामुळे घटली की कूपन बंद केल्यामुळे, हे सांगता येत नाही. पावसाळ्यात कातडी चपलांची विक्री तशीही मंदावते. म्हणून एकसारखे आठवडे निवडावे लागतात आणि शक्य असेल तर चाचणी पुन्हा करून बघावी लागते.

## फसवणूक कशी ओळखतात?

कमिशन विक्रीवरच मिळत असल्यामुळे इथे फसवणूक होणार नाही, असं वाटतं. ईबेच्या अनुभवाने ते खोटं ठरवलं. ईबेने 2008 मध्ये आपल्या सर्वांत मोठ्या अ‍ॅफिलिएटपैकी काहींवर दावा लावला. लोक इतर वेबसाइट बघत असताना, ईबेच्या कुठल्याही लिंकवर क्लिक न करताच, त्यांच्या ब्राउझरमध्ये गुपचूप अ‍ॅफिलिएट कुकी टाकली जात होती. याला 'कुकी स्टफिंग' म्हणतात. त्या लोकांपैकी कुणी पुढे आपणहून ईबेवर खरेदी केली, की कमिशन या मंडळींना मिळे. या प्रकरणात दोघांनी गुन्हा कबूल केला आणि 2014 मध्ये त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली.

छोट्या दुकानालाही काही खुणा दिसू शकतात. एखाद्या अ‍ॅफिलिएटच्या नावावर हजारो क्लिक आहेत, पण त्या मानाने वेबसाइटची पानं फारशी उघडलीच गेलेली नाहीत, तर क्लिक माणसांचे नसावेत. एखाद्याच्या बहुतेक ऑर्डर कॅश ऑन डिलिव्हरीच्या आहेत आणि नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पार्सलं परत येत आहेत, तर ऑर्डर बनावट असू शकतात. आणि क्लिक व ऑर्डर यांत सतत दोन-तीन मिनिटांचंच अंतर असेल, ग्राहक जुनेच असतील, तर ती फसवणूक नव्हे. पण तो अ‍ॅफिलिएट ग्राहक आणत नाही, दारात उभ्या असलेल्या ग्राहकाची नोंद आपल्या नावावर करतो, एवढं त्यातून कळतं.

## करारात काय बदलता येतं?

यासाठी कूपन वेबसाइट कायमच्या बंद करण्याची गरज नसते. नव्या ग्राहकाला 12 टक्के आणि जुन्या ग्राहकाला 3 टक्के, असे वेगळे दर ठेवता येतात. क्लिकच्या वेळी कार्ट आधीच भरलेली असेल, तर कूपन वेबसाइटला कमी कमिशन, अशी अट घालता येते. यूट्यूबरला दिलेला कोड कूपन वेबसाइटवर वापरला गेला, तर त्यावर तिला कमिशन नाही, हेही लिहून ठेवता येतं. आणि पैसे भरण्याच्या पानावरचा रिकामा कूपन चौकोन लपवून त्या जागी 'कोड आहे का?' अशी छोटी लिंक ठेवली, तर कोड नसलेल्या ग्राहकाला तो शोधत बाहेर जावंसं कमी वाटतं.

नाशिकच्या त्या ग्राहकाच्या बाबतीत असे नियम असते, तर काय झालं असतं? ती दुकानाची नवी ग्राहक होती आणि तिला यूट्यूबरने आणलं होतं. कार्ट आधीच भरलेली असल्याने कूपन वेबसाइटचा क्लिक मोजला गेला नसता. कूपनचा चौकोन समोर नसल्यामुळे ती कोड शोधायला गेली नसती, तर तिने 1,600 रुपये भरले असते. त्यावर 12 टक्के म्हणजे 192 रुपये यूट्यूबरला आणि 48 रुपये नेटवर्कला गेले असते. दुकानाकडे मेसेजचे 90 पैसे सोडून 310 रुपये उरले असते. आधीच्या हिशेबात ते 210 होते आणि व्हिडिओ बनवणाऱ्याला काहीच मिळालं नव्हतं.